चिलर स्टेजिंग पहिल्यांदा लावताना: एकट्या मशिनला झेपेल का, हा प्रश्न आधी विचारा

प्लांटरूममध्ये नवीन आलेल्या बऱ्याच पोरांना चिलर कसा चालतो हे बऱ्यापैकी माहीत असतं, पण दुसरा चिलर कधी लावायचा आणि कधी काढायचा यावर गाडी अडते. बीएमएसमध्ये दोन आकडे टाकायचे, चढायचा एक, उतरायचा एक, संपलं, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचा हिशोब पहिल्याच आठवड्यात प्लांटच्या ऑपरेटर काकांनी दिला. सकाळी साडेअकराला फोन, "साहेब, तीन नंबर सारखा चालूबंद चालूबंद करतोय, आवाज ऐकून डोकं उठलं." जाऊन चिलरच्या पॅनलवर स्टार्ट काउंटर बघितला तर दुपारपर्यंत नऊ स्टार्ट. शांत दिवसाला तिथे एक असायला हवा होता.

ते का झालं हे खाली येईलच, पण सगळं एकाच प्लांटवर समजून घेऊ. पुण्याकडची एक आयटी बिल्डिंग धरा, 300 टीआरचे तीन वॉटर कूल्ड सेंट्रिफ्यूगल चिलर, प्रत्येकाला स्वतःचा प्रायमरी पंप, मग बायपास लाईन, आणि तिच्या पलीकडे व्हीएफडीवरचे सेकंडरी पंप जे एएचयूंना पाणी देतात. चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट 7 डिग्री, डिझाइन डेल्टा टी 5.5. दोन चिलर बिल्डिंगला पुरतात, तिसरा स्टँडबाय.

आधी लोड नीट मोजा

लोड म्हणजे बिल्डिंग पाण्यात किती उष्णता टाकतेय. सूत्र सोपं आहे:

```
TR = flow (m3/hr) x (return - supply, °C) / 3.024
```

एका चिलरला 300 टीआरवर 5.5 डिग्रीच्या फरकाने साधारण 165 घनमीटर प्रति तास पाणी लागतं, हा आकडा पाठच करून टाका, पुढे सारखा लागतो. मोजायचं सेकंडरी बाजूला, म्हणजे बायपासच्या पलीकडे, बिल्डिंगकडे जाणारा फ्लो आणि तिथलंच सप्लाय रिटर्न तापमान. चिलरच्या बाजूचं तापमान घेऊन बिल्डिंगच्या फ्लोने गुणलं तर येणारा आकडा कशाचाच नसतो, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या साइटवर बघितलीय.

आता सेन्सर. फ्लो 138 आणि फरक 5.5 असेल तर 251 टीआर येतात. सेन्सर अर्धा डिग्री चुकला, फरक 6 दाखवला, तर तेच 274 होतात. बाहेर काहीच बदललं नाही आणि तुमच्या लॉजिकला मात्र दुसरा चिलर लावायची वेळ झाली असं वाटतंय. म्हणून स्टेजिंगचे आकडे टाकायच्या आधी सप्लाय आणि रिटर्न दोन्ही सेन्सर काढून एकाच बादलीतल्या पाण्यात धरा आणि बीएमएसवर दोघं सारखं दाखवतायत का ते बघा. दोघं सारखेच चुकले तर एवढं बिघडत नाही, दोघांतला फरक चुकला की बिघडतं. थर्मोवेलमध्ये पेस्ट नसेल, सेन्सर नुसता हवेत लटकत असेल तरी असंच होतं, रीडिंग येतं पण हळू आणि थोडं चुकीचं.

चढायचा आणि उतरायचा आकडा

माझी चूक इथे होती. मी लॉजिक लिहिलं होतं की चालू चिलरचा लोड 90 टक्क्यांच्या वर गेला की एक वाढव, आणि 50 टक्क्यांच्या खाली आला की एक कमी कर. वाचायला एकदम बरोबर वाटतं. 90 आणि 50 मध्ये चाळीस टक्क्यांची जागा आहे, अजून काय पाहिजे.

पण आकडे घालून बघा. एक चिलर चालू आहे, बिल्डिंग 270 टीआर मागतेय, म्हणजे 90 टक्के, दुसरा लागला. आता तेच 270 दोघांत वाटले गेले, प्रत्येकी 135, म्हणजे 45 टक्के. 50 च्या खाली! टायमर संपला की लॉजिक म्हणणार एक काढ, काढला की राहिलेला परत 90 वर, परत लाव. बिल्डिंगचा लोड जागचा हलला नाही आणि चिलर आपला फुगडी घालतोय. ते नऊ स्टार्ट असेच झाले होते.

म्हणून उतरताना चालू असलेल्यांचे टक्के बघू नका. प्रश्न असा विचारा की एक काढला तर उरलेल्यांना हा लोड थोडी जागा ठेवून झेपेल का. म्हणजे टीआर मध्ये बोला:

```
UP:   TR > 0.90 * N * 300       for 15 min
DOWN: TR < 0.80 * (N-1) * 300   for 20 min
```

इथे `N` म्हणजे आत्ता चालू असलेले चिलर. एकावरून दोनवर 270 ला जातो, दोनवरून एकावर 240 च्या खाली येतो. दोनवरून तीनवर 540, परत दोनवर 480. मधली जागा एकदोनच्या वेळी 30 टीआर आहे आणि दोनतीनच्या वेळी 60, ती आपोआप वाढते ते बरंच आहे. तुमच्या बिल्डिंगचा लोड उड्या मारणारा असेल, म्हणजे मोठं ऑडिटोरियम वगैरे असेल तर 80 ऐवजी 75 करा.

वरचा आकडा 100 का नको असं कोणीतरी विचारतंच. एक तर नवीन चिलर हुकूम दिल्यावर लगेच थंड पाणी देत नाही, आणि दुसरं म्हणजे 300 टीआर ही क्षमता ठरावीक कंडेन्सर वॉटरवर सांगितलेली असते. पावसाळ्याच्या तोंडाला हवा दमट झाली, टॉवरचं पाणी गरम राहिलं, ट्यूब घाण असतील, तर तोच चिलर 300 देत नाही आणि तुम्ही 300 च्या आशेवर बसलेले असता. जिथे सगळे चिलर व्हीएफडीवाले आहेत तिथे उलटा विचार करावा लागतो, दोन मशिन अर्ध्यावर चालवणं एक पूर्ण चालवण्यापेक्षा कधीकधी स्वस्त पडतं, पण त्यात वाढीव पंप आणि टॉवरची वीज धरायला विसरू नका. पहिल्यांदा लावताना मी तरी त्या भानगडीत पडत नाही, आधी साधं लॉजिक दोन महिने चालू दे.

लोडशिवाय तापमानाची एक अट बाजूला ठेवा. सप्लाय सेटपॉइंटच्या 1 डिग्री वर सलग 15 मिनिटं राहिला तर लोड काहीही दाखवत असला तरी पुढचा चिलर लाव आणि सोबत अलार्म दे. अलार्म महत्त्वाचा आहे. कारण लोड 180 टीआर दाखवतोय, पाणी 8.5 आहे आणि मशिनचे अँपिअर साठ टक्क्यांवरच अडलेत, तर लोड जास्त झालेला नाही, मशिन काम करत नाहीये. कुणीतरी डिमांड लिमिट 60 वर ठेवून विसरलाय किंवा गॅस कमी आहे. दुसरा चिलर लागून बिल्डिंग थंड होईल आणि खरं दुखणं झाकलं जाईल.

टायमर, आणि ते कशासाठी

मिनिमम रन टाइम मी 30 मिनिटं ठेवतो, मिनिमम ऑफ 20 मिनिटं. स्टार्ट होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, वाइंडिंग तापतं, ती उष्णता बाहेर पडायला चालू राहणंच बरं असतं, पंखा आणि गॅस तिला थंड करतात. दुसरं तेल. मशिन बंद असताना तेलात गॅस मुरतो, स्टार्टला प्रेशर पडलं की तेल फेसाळतं, आणि दर वीस मिनिटांनी हे होत राहिलं तर तेल नको तिथे जाऊन बसतं. चिलरच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्येही अँटी रिसायकल टायमर असतो, दोन स्टार्टमधलं अंतर तो पाळायला लावतो, त्याचं मॅन्युअल उघडून आकडा बघा आणि तुमचा टायमर त्याच्यापेक्षा मोठा ठेवा. लहान ठेवला तर बीएमएस म्हणतं चालू केला, चिलर म्हणतो थांब, आणि पंप मात्र उगाच फिरत राहतात. वर बीएमएसला वाटतं मशिन फेल झालं, तो तिसरा लावतो. झालं कल्याण.

एक तिसरा टायमर लोक विसरतात, स्टेज झाल्यावरची विश्रांती. एक चिलर लावला की 20 मिनिटं पुढचा कुठलाही निर्णय नाही. चिलरला प्री ल्यूब, मग व्हेन हळूहळू उघडणं, मग पाणी थंड होणं, मग ते पाणी शेवटच्या मजल्यापर्यंत पोचणं, यात इतका वेळ जातोच. तेवढ्यात मोजलेला लोड खोटा असतो, आणि बऱ्याचदा दुसरा लागल्यावर लोड कमी व्हायच्या ऐवजी वाढतो कारण इतका वेळ उपाशी असलेले एएचयू आता पोटभर घेतात. ते बघून घाबरून तिसरा लावायचा नसतो.

हे सगळे टायमर फक्त स्टेजिंगच्या निर्णयाला लागू. सेफ्टी ट्रिपला मिनिमम रन टाइम नाही, आणि चालू मशिन ट्रिप झालं तर त्याच्या जागी दुसरं लावताना 15 मिनिटांची वाट बघायची नाही, लगेच. फक्त त्या दुसऱ्याचा स्वतःचा ऑफ टाइम पूर्ण झालेला असला पाहिजे.

चालू करायचा क्रम

हे थोडक्यात. आधी त्या चिलरचे व्हॉल्व्ह उघडायचे, मग प्रायमरी पंप, मग कंडेन्सर पंप आणि टॉवर, दोन्ही बाजूंचा फ्लो स्विच निदान अर्धा मिनिट स्थिर दिसू दे, मगच चिलरला हुकूम. बंद करताना उलटं, आधी चिलरला थांब म्हणायचं, तो व्हेन मिटून थांबेल, नंतर पंप अजून तीनचार मिनिटं चालू द्यायचे. पंप आणि चिलर एकदम बंद केले तर इव्हॅपोरेटरमध्ये राहिलेलं पाणी जास्त गार होऊन लो टेंपरेचरची ट्रिप येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी रीसेट करेपर्यंत मशिन उठत नाही. तुमच्याकडे सगळ्या चिलरना एकच कॉमन हेडरचे पंप असतील तर व्हॉल्व्ह हळू, एकदीड मिनिट घेऊन उघडा, नाहीतर चालू मशिनचं पाणी पळून तेच ट्रिप होतं.

लीड लॅग कोण, आणि कधी बदलायचं

लीड म्हणजे सकाळी पहिला उठणारा, लॅग दुसरा, उरलेला स्टँडबाय. फिरवायचं रनिंग अवर्सवर: लावताना सगळ्यात कमी तास झालेला, काढताना चालू असलेल्यांतला सगळ्यात जास्त तास झालेला. आणि चालू मशिन निव्वळ रोटेशनसाठी कधीच बंद करू नका. रविवारी रात्री बारा वाजता रोटेशन टाकलं आणि तेव्हा एखादा चिलर सर्व्हर रूमसाठी चालू असेल तर तो बंद होऊन दुसरा लागेपर्यंत सर्व्हर रूमवाले तुम्हाला शोधत येतील. क्रम बदलायचा तो फक्त यादीत, अंमल पुढच्या स्टार्टला.

आता एप्रिलमधला एक सोमवार बघू. चिलर 1 चे 11,420 तास, 2 चे 10,980, 3 चे 11,150. म्हणजे 2 लीड, 3 लॅग, 1 स्टँडबाय.

साडेसातला चिलर 2 लागतो. शनिवार रविवार बंद असल्यामुळे पाइपमधलं पाणी 21 डिग्री आहे, आणि सूत्र 300 च्या वर लोड दाखवतंय. हा लोड खरा पण तात्पुरता, साठलेलं गरम पाणी आणि तापलेल्या भिंती. इथे 45 मिनिटांचा पुल डाउन होल्ड ठेवलेला आहे, या वेळात लोड किंवा तापमान दोघांपैकी कुणालाच दुसरा चिलर लावता येत नाही. तो नसेल तर दर सोमवारी सकाळी दोन चिलर एकदम उठतात, महिन्याची मॅक्झिमम डिमांड तिथेच लागते आणि बिल बघून अकाउंटवाले विचारतात सोमवारी काय करता. सव्वाआठला पाणी 7.4.

पावणेदहाला माणसं आली, लोड 250. दहा वीसला 270 ओलांडलं, दहा पस्तीसलाही 275, चिलर 3 ला हुकूम. पंप, फ्लो, प्री ल्यूब धरून दहा चाळीसच्या आसपास कॉम्प्रेसर फिरला, पावणेअकराला दोघं दीडदीडशेवर. एकूण 300, वाढलं ते वर म्हटल्याप्रमाणे. जुन्या लॉजिकमध्ये इथे 50 टक्क्यांची रेघ होती आणि नाच सुरू झाला असता. दीडला लोक जेवायला कँटीनमध्ये, आभाळही आलं, लोड 235, उतरायचा टायमर सुरू. चौदा मिनिटं झाली आणि लोड परत 262, टायमर शून्यावर. काहीच झालं नाही, आणि तेच हवं होतं. दुपारी चारला 470 पर्यंत गेला, 540 लांब होतं, तिसरा झोपलेलाच. संध्याकाळी सहा दहाला 240 च्या खाली, साडेसहाला एक काढायचा. कोण? 3 चे तास जास्त, म्हणून 3 बंद. आठला प्लांट बंद.

दिवसभरात एकेक स्टार्ट. पण रोटेशनचं गणित जरा बघा. चिलर 2 रोज साडेबारा तास चालतोय, 3 आठ तास, अंतर दिवसाला साडेचार तासांनी कमी होतंय आणि आत्ता 170 आहे. म्हणजे जवळजवळ 38 कामाचे दिवस लीड बदलणारच नाही, आणि चिलर 1 तर तास सर्वात जास्त म्हणून दीडेक महिना हलायचाच नाही. नुसत्या रनिंग अवर्सवर सोडलं की हेच होतं. बंद मशिनचे शाफ्ट सील कोरडे पडतात, व्हॉल्व्ह अडकतात, आणि ज्या दिवशी लीड ट्रिप होतो त्याच दिवशी कळतं की स्टँडबाय उठत नाही. म्हणून दुसरा नियम जोडा: जो चिलर 14 दिवस चालला नाही तो पुढच्या सकाळी लीड, तास काहीही असोत. नवीन बसवलेलं किंवा ओव्हरहॉल करून काउंटर शून्य झालेलं मशिन असेल तर उलटा त्रास, ते महिनोन् महिने एकटंच राबतं. तिथे बीएमएसचा रोटेशनपुरता वेगळा काउंटर ठेवून तो हाताने सारखा करून घ्या.

तिन्हींचे तास अगदी सारखे करायच्या मागे मी स्वतः लागत नाही. सगळे सारखे झिजले तर ओव्हरहॉलला सगळे एकाच उन्हाळ्यात येतील. शे दोनशे तासांचं अंतर असू दे.

लोड कमी, तरी लोक गरम होतंय म्हणतात

एक प्रकार नवीन माणसाला हमखास चकवतो. दोन चिलर चालू, प्रायमरीत 330 घनमीटर. सेकंडरी मात्र 430 ओढतोय आणि फरक फक्त 3 डिग्री. सूत्राने 427 टीआर, 600 च्या सत्तरेक टक्के, लॉजिक शांत. पण 430 मधले 100 बायपासमधून उलटे येतायत, रिटर्नचं पाणी सप्लायमध्ये मिसळतंय, आणि चिलरमधून 7 ने निघालेलं पाणी बिल्डिंगला 7.9 ने मिळतंय. एक डिग्रीची अट पण लागत नाही. पाणी जरा गरम म्हणून एएचयूचे व्हॉल्व्ह अजून उघडतात, फ्लो अजून वाढतो.

ओळखायचं कसं, तर सेकंडरी फ्लो प्रायमरीपेक्षा जास्त आहे का एवढंच बघा, किंवा बायपास पाइपला हात लावा, हवा तेवढा गार लागत नाही. हे 15 मिनिटं टिकलं तर अलार्म, आणि दुपारची वेळ निभवायला तिसरा चिलर लावायला हरकत नाही. पण औषध प्लांटरूममध्ये नाही. मजल्यांवर जाऊन बघा, चोंदलेले फिल्टर, घाण कॉइल, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी थर्मोस्टॅट 18 वर करून ठेवलेला. त्या एका साइटवर आम्हाला चार एएचयू असे सापडले, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडे, खोली 22 ला आणि माणसं स्वेटर घालून बसलेली.

पहिला आठवडा झाला की ट्रेंड उघडा, एका पानावर टीआर, चालू चिलरची संख्या, सप्लाय, आणि दोन्ही फ्लो. प्रत्येक चिलरचे दिवसाचे स्टार्ट लिहून काढा, एका मशिनचे दोनच्या वर दिसले तर त्या वेळेचा लोड 240 च्या खाली आणि 270 च्या वर असे हेलकावे खातोय का ते बघा, तसं असेल तर उतरायचा आकडा अजून खाली न्या, टायमर वाढवू नका, कारण मोठा टायमर तोच नाच फक्त सावकाश करतो. आणि पॅनलवरचे सिलेक्टर स्वतः जाऊन बघून या. आमच्याकडे एकदा तीन दिवस रोटेशन का होत नाही म्हणून लॉजिक तपासत बसलो होतो, शेवटी कळलं रात्रपाळीवाल्याने चिलर 1 हँडवर टाकलेला, "तुमच्या कॉम्प्युटरचा भरवसा नाही साहेब" म्हणून.